पायलीभर ज्वारी, लाखभर माणूस

सरलाबाईंना मुलाला ‘ये’ म्हणायचं नव्हतं. त्यानं आपणहून यावं, असं त्यांना वाटत होतं. या दोन गोष्टींत किती अंतर असतं ते मुलं परदेशी असलेल्या आयांनाच विचारावं. पंकज हॅलिफॅक्सला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिकडंच त्यानं केटशी लग्न केलं. ते लग्न सरलाबाईंनी पांढुर्ण्यात बसून, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून पाहिलं. सुनेला अजून डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पंकजचे वडील दत्तात्रयराव असते तर त्यांनी सरळ फोन लावून दम भरला असता, पण ते गेल्यालाही आता तीन वर्षं होत आली होती. आणि सरलाबाई शाळेत गणित शिकवलेल्या बाई. मागून घेतलेलं उत्तर त्यांच्या लेखी उत्तरच नव्हे.

म्हणून त्यांनी आमिष लावलं. पोळा महिन्यावर आला होता, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगडफेक करतात, ती गोटमार असते. घरच्या ग्रुपवर त्या दर रविवारी चार ओळी टाकत, पंकज त्या ओळी केटला तोंडी सांगत असे. या रविवारी त्यांनी एकच वाक्य लिहिलं, पण मन लावून लिहिलं.

‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला लाखभर माणूस लोटतं, हंगामात आपल्या भागातून कोटभर संत्रं बाहेर जातं, नदी घरापासून पाव कोसावर, आणि मी आपली पायलीभर ज्वारीत दोन महिने मजेत काढते.’

वाक्य त्यांना फार आवडलं. गावाचा थाटही आला आणि आपलं काही अडलेलं नाही हेही आलं. पंकजनं अंगठा दाखवला. अंगठ्याचं काय करायचं असतं ते सरलाबाईंना अजून कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र केटचा स्वतःचा निरोप आला, इंग्रजीत, पहिल्यांदाच थेट त्यांना. तिनं लिहिलं होतं की पंकज घाईघाईत अर्धंच सांगतो, मला तुमचं वाक्य पूर्ण वाचायचं आहे. लाख, कोटी, कोस, पायली म्हणजे आमच्या मापात किती, ते घालून तुम्ही मला लिहाल का? खाली तिनं विनंती केली होती आणि आधीच आभारही मानून ठेवले होते. सरलाबाईंनी तो निरोप चारदा वाचला. कुणाला तरी आपलं अख्खं वाक्य हवं होतं.

त्या कागद-पेन घेऊनच बसल्या. आयुष्यभर पोरांना एककांचं रूपांतर शिकवलं, आता सुनेला दाखवू, असा थोडा तोराही आला. मोबाईलवर आधी त्यांनी लाख लिहिला, १,००,०००. मग लक्षात आलं की स्वल्पविराम इकडे दोन-दोन आकड्यांवर पडतात आणि तिकडे तीन-तीन आकड्यांवर. केटला हा आकडा चुकीचा छापल्यासारखा दिसला असता. स्वल्पविराम हलवून १००,००० केले. वाचायचं ‘हंड्रेड थाउजंड’. लाखाला त्यांच्याकडे वेगळा शब्दच नाही, शंभर हजार म्हणतात. बिचारे, असं सरलाबाई मनात म्हणाल्या. पण आपण ‘लाखभर’ म्हटलं होतं. कुणी मोजलंय? आकडा नुसता टाकला तर तिला वाटेल की दारात तिकीट फाडून मोजलेत. म्हणून पुढं ‘सुमारे’ लावलं. कोटीचे झाले टेन मिलियन, त्यालाही ‘सुमारे’. दशलक्ष म्हणजे मिलियन, दहा दशलक्ष म्हणजे कोटी. हे एकदा वहीवर पडताळून पाहिलं, कारण एक शून्य इकडचं तिकडं झालं तर संत्र्याची अख्खी बाग जाते. कोस तीन किलोमीटरच्या थोडा वर, त्याचा पाव म्हणजे पाऊण किलोमीटर. तेही ‘सुमारे’च, कारण कोसाला काठी कुणी लावली होती? पुढं कंसात घातलं, दहा मिनिटं चाल. आकड्यापेक्षा ते बरं, तिला पायांनी कळेल.

राहिली पायली.

पायलीचं काय करावं ते पुस्तकात नव्हतं. पायली हे मापाचं भांडं, वजन नव्हे. ज्वारीची पायली वेगळी भरते, तांदळाची वेगळी. शिवाय गावोगावची पायली निराळी. सरलाबाई रामाकोन्याहून या घरात आल्या तेव्हा सासूबाईंशी त्यांचं पहिलं भांडण पायलीवरूनच झालं होतं, माहेरची मोठी की सासरची यावर. त्यामुळे अंदाजानं काहीतरी ठोकून देणं त्यांच्यानं झालं नाही. सासऱ्यांच्या धान्याच्या दुकानातली लोखंडी पायली माळ्यावर होती. ती काढली, पुसली, कोठीतल्या ज्वारीनं भरली, वर हाताची कड फिरवून सपाट केली आणि पदराखाली धरून शेजारच्या उषाकडे गेल्या. उषा घरी केक करून विकते, तिच्याकडे बॅटरीवरचा काटा आहे.

उषानं ज्वारी परातीत ओतून रिकाम्या पायलीचं वजन आधी काट्यावरून वजा केलं आणि मग ती ज्वारी परत भरून ठेवली.

“साडेतीन किलो भरली, काकू. कायले पायजे वजन?”

“सुनेले कळवाचं आहे. इतक्यात माहे दोन महिने निघतात.”

उषा हसली. “चेष्टा करून राहिल्या का? आमच्या इथं तर हे चार दिवस नाई पुरत.”

“तुमी पाच जणं आहा,” सरलाबाई म्हणाल्या, आणि पायली उचलून घरी आल्या.

घरी आल्यावर त्यांनी लिहिलं, साडेतीन किलो. लिहून थांबायचं की नाही? पण गणिताच्या बाईंचा हात थांबत नाही. साडेतीन किलो म्हणजे पस्तीसशे ग्रॅम, भागिले साठ. अठ्ठावन्न. दिवसाला अठ्ठावन्न ग्रॅम. कागदावर ती संख्या दिसली आणि त्यांना आधी वाटलं की गणित चुकलं. पुन्हा केलं. मग त्यांना कळलं की ही एक भाकरी आहे. दिवसाला एक, तीही धड मोठी नाही. एकटीसाठी पोळ्या कोण लाटतं, म्हणून त्या केव्हाच सुटल्या होत्या. भात उरतो म्हणून सुटला होता. संध्याकाळी चहा आणि सकाळच्या भाकरीचा उरलेला कोर. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण पायलीत ते कधी दिसलं नव्हतं. ‘पायलीभर’ हा शब्दच असा भरल्या घरचा आहे. कोठी, सुपं, जेवायला बसलेली पंगत, सगळं त्या शब्दात येऊन बसतं, त्यामुळे आत एकटी बाई आहे हे लपून जातं. लिहिणाऱ्या बाईपासूनसुद्धा लपलं होतं. पंकजपासून लपलं यात मग नवल काय? तोही याच कोठीवर वाढलेला.

सरलाबाईंना स्वतःची फार दया आली आणि त्या दयेचा तितकाच राग आला. हे केटला पाठवलं तर पंकज येईल, नक्की येईल. पण तो आईची कीव येऊन येईल. दोन आठवडे औषधपाणी करील, आईला नागपूरच्या चुलतबहिणीकडं ठेवायची भाषा करील आणि सुटल्यासारखा परत जाईल. असं येणं त्यांना नको होतं. त्यांना त्याचं पोळ्याला येणं हवं होतं, बायकोला घेऊन, जेवायला काय करते आहेस म्हणून ओट्याशी घुटमळत. त्यांनी ज्वारीचा तुकडा खोडला आणि उरलेलं वाक्य केटला पाठवून दिलं. हंड्रेड थाउजंड माणूस, टेन मिलियन संत्री, नदी दहा मिनिटांवर. वाचून वाटावं की या बाईच्या घरात पाय ठेवायला जागा नसेल.

दिवसभर त्यांना चैन पडलं नाही. खोटं काही लिहिलं नव्हतं, पण उत्तरपत्रिकेतला अवघड प्रश्न गाळणाऱ्या पोरांना त्या काय म्हणायच्या ते त्यांना आठवत होतं.

केटचं उत्तर आपल्या रात्री, तिच्या दुपारी आलं. तिला खूप आनंद झाला होता. लाखभर माणूस नदीकाठी कसं मावतं हे तिला पाहायचं होतं. पुढं होतं, ‘पण शेवटचं राहिलं का? तुमच्या वाक्यात पायली होती. मी पंकजला विचारलं, तर तो म्हणाला पुष्कळ असते. पुष्कळ म्हणजे किती?’

ही सून पाठ सोडणारी नव्हती. अशी एखादी मुलगी वर्गात असती तर सरलाबाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं. आता खोटं लिहायचं की खरं, एवढंच उरलं होतं. सात किलो लिहिलं असतं तर तिकडं कुणाला पायली माहीत होती? त्यांनी सात लिहिलंही. मग पुसलं. चुकीचं रूपांतर त्यांनी आजवर कुणाला दिलं नव्हतं, आणि ज्या पोरीनं पहिल्यांदा अख्खं वाक्य मागितलं तिलाच ते द्यायचं, हे काही त्यांना जमेना. त्यांनी लिहिलं, ‘आमच्या घरची पायली, ज्वारी, सुमारे साडेतीन किलो. दोन महिन्यांना.’

उत्तर लगेच आलं. ‘किती माणसांना?’

याला काही रूपांतर करायचं नव्हतं. स्वल्पविराम हलवायचा नव्हता, ‘सुमारे’ लावायचं नव्हतं. त्यांनी १ लिहिलं आणि पाठवलं.

केट आता भागाकार करत असणार हे त्यांना कळत होतं. त्यांनी दिवा मालवला, पुन्हा लावला. फोन वाजला तो पंकजचा.

“आई.”

“बोल ना रे. दुपारच्या ड्युटीवर नाई गेला का आज?”

“जाऊन राहिलो. गाडीतच आहो. तू जेवली का?”

“जेवली ना. पोटभर जेवली.”

“पोटभर म्हणजे किती, आई?”

असं त्यानं कधी विचारलं नव्हतं. सरलाबाईंनी तोंडाला पदर लावला, कारण हुंदका त्याला ऐकू जायला नको होता, आणि तो गेलाच. एक भाकरी, असं त्या म्हणाल्या.

“मले वाटे, पायलीभर म्हणते म्हणजे घरात भरपूर आहे,” तो म्हणाला. “मी कधी हिशोबच नाई केला. केटनं कागद समोर धरला.”

“घरात भरपूर आहे रे. कोठी भरून आहे. खाणारं नाई कोणी.”

हे बोलून झाल्यावर लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ज्या किवेला आपण भ्यायलो ती त्याला येऊन गेली असणार, आता आणखी काय जाणार? सरलाबाईंनी इतकी वर्षं गिळलेलं वाक्य साधं उच्चारलं.

“पंकज, पोळ्याले ये ना रे. तिले घेऊन ये. मले करमत नाई.”

तिकडून गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती. बहुधा त्यानं गाडी कडेला घेतली होती.

“हे पहिले काऊन नाई म्हटलं, आई?” तो म्हणाला. “मी वाट पाहून राहिलो होतो, तू बोलावशील म्हणून.”