सुगंधाच्या तारखा

मालवणात दवाखाना काढून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि आजार पत्राने कळवणारा पेशंट एकही भेटला नव्हता. इथे आजार दारातूनच ओरडून कळवतात. त्यामुळे एकोणसत्तर सालच्या जानेवारीत देवबागहून जाडजूड पाकीट आलं, तेव्हा नर्मदा ते उन्हाला धरून बघायला लागली. नर्मदा माझी नर्स. तिला कामापेक्षा चौकशा जास्त.

"दे इकडे," मी म्हटलं.

आत वहीची तीन पानं होती. अक्षर सातवी झालेल्या मुलीचं, गोल आणि घाबरट.

"डॉक्टरीणबाईंस सौ. सुगंधाचा नमस्कार वि. वि. मागल्या वर्षी माझ्या सासूबाईंचा पाय मोडला होता. आपण प्लास्टर घातलं तेव्हा सोबत आलेली सून ती मी. लग्नाला तीन वर्षं झाली. मुंबईस आमची एकच खोली. तीत आम्ही दोघं, दोन दीर आणि ह्यांचा एक गाववाला. म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने मी दीड वर्ष मूल न होण्याच्या गोळ्या घेतल्या. रोज एक अशा एकवीस, मग सात दिवस बंद. तेव्हा पाळी घड्याळासारखी यायची. सासूबाईंसाठी मी मे महिन्यात गावी आले आणि हातातलं पाकीट संपवून गोळ्या सोडल्या. तेव्हापासून पाळीला ताळतंत्र राहिलेलं नाही. कधी महिन्याने, कधी दीड-दोन महिन्यांनी. आता दिरांची दुसरीकडे सोय झाली आहे, आम्हाला मूल हवं आहे. आठ महिने झाले, काही नाही. गोळ्यांनी माझी कूस जळाली काय? मला मूल होण्याची आशा किती, ते खरं कळवावं. सासूबाईंना गोळ्यांचं ठाऊक नाही. उत्तर कार्डावर पाठवू नये, आमचा पोस्टमन कार्ड आधी वाचतो आणि मग देतो."

पत्र वाचताना मला हसू आलं, आणि 'कूस जळाली काय' या ओळीपाशी थांबलं. तिथे शाई फुटली होती. कोणी पाण्याचा हात लावला नव्हता, ती रडली होती.

मी पाकिटातून उत्तर धाडलं. "घाबरण्यासारखं काही दिसत नाही. बाजाराच्या दिवशी ये. गेल्या मे महिन्यापासूनच्या पाळीच्या सगळ्या तारखा लिहून आण. तारखांशिवाय मी काही सांगणार नाही."

ती सोमवारच्या बाजाराला आली. तारखा न घेता आली, आणि सासूला घेऊन आली.

यमुनाबाईंना मी ओळखत होतेच. नवरा गलबतावर तांडेल होता, तो वारल्यावर या बाईने तीन मुलं वाढवली आणि त्या भरात आवाजही वाढवला. त्या लंगडत आत आल्या आणि बाकावर बसल्या.

"पाय अजून दुखता?" मी विचारलं.

"दुखता म्हंजे? सून नसती तर मी हातरुणातच कुजलंय असतंय. म्हणान तिका मुंबयक पाठवूक नाय."

मोडला होता तो उजवा पाय. प्लास्टर मी जुलैत माझ्या हाताने काढलं होतं. बाई लंगडत होत्या तो डावा.

सुगंधाला मी पडद्याआड तपासायच्या टेबलापाशी नेलं. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, रक्त बरं होतं. गळ्यावर गाठ नाही, वजन जेवढं हवं तेवढं. पोट तपासलं. सगळं ठीक होतं.

"तारखा?" मी हळू आवाजात विचारलं.

"इंग्रजी तारखा लिहून ठेवल्या नाहीत बाई. गोळ्या होत्या तेव्हा पाकीटच सांगायचं. आता..." ती बोटांवर मोजायला लागली. "एक बहुतेक पावसात. एक गणपतीत."

"बहुतेक? मूल हवं आणि तारीख बहुतेक?" माझा पारा चढला. चढला की माझा आवाज हळू राहत नाही, हा माझा जुना दोष. "अगं, गोळ्या सोडल्यावर पाळी किती दिवसांनी येते, ते मला कळायला नको?"

पडद्यापलीकडचा बाक करकरला. माझ्या दवाखान्याचा पडदा माणसाला अडवतो, शब्दाला अडवत नाही, हे मी रागाच्या भरात विसरले होते. सुगंधाचा चेहरा पांढराफटक पडला. मला माझीच लाज वाटली. पोरीने तीन पानं लिहून जे झाकलं होतं ते मी एका वाक्यात उघडं केलं होतं.

पडदा बाजूला झाला. यमुनाबाई उभ्या होत्या, दोन्ही पायांवर.

"तारखो तिका काय विचारतास?" त्या म्हणाल्या. "माका विचारा. तिका भायर बसूचा लागता, तेव्हा चुलीपुढे कोण जाता? मी! लिवा. वटपुनवेक बसली, सगळो गाव वड पुजूक गेलो, ही पडवेत. मगे नागपंचमी. मगे ऋषिपंचमी. मगे कोजागिरी. मगे देवदिवाळी. ह्या बायलेन माझो एक सण सोडूक नाय! मी म्हटलंय, काम चुकवूक सण बघान बसता की काय. आणि पौषातली सप्तमी, त्या दिसाक सण नाय होतो, पण घरात आठ पावणे होते."

नर्मदाने भिंतीवरचं पंचांग काढलं आणि मी कागदावर मांडत गेले. दहा जून. तीस जुलै. अठ्ठावीस ऑगस्ट. सहा ऑक्टोबर. एकवीस नोव्हेंबर. सव्वीस डिसेंबर. मधलं अंतर पन्नास दिवस, एकोणतीस, एकोणचाळीस, शेहेचाळीस, पस्तीस. मी आयुष्यात अनेक शिकलेल्या बायकांच्या वह्या बघितल्या, पण इतकी चोख नोंद एकीचीही नव्हती. ही तर चुलीपुढे बसून तोंडपाठ केलेली होती.

"बघ," मी सुगंधाला म्हटलं. "गोळ्या घेताना बीज तयार होणं थांबलेलं असतं. गोळ्या सोडल्यावर शरीराला आपला ताल परत धरायला काही महिने लागतात. कोणाला दोन, कोणाला सहा-आठ. पहिली पन्नास दिवसांनी आली, आता पस्तीसवर आली आहे. गाडी रुळावर येतेय. कूस जळत नाही गो, गोळ्यांनी कोणाची कूस जळत नाही."

"मग मूल?"

"पाळी पुढेमागे होते तेव्हा बीज कोणत्या दिवशी सुटेल ते आधी सांगता येत नाही. ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं, आणि पुढची पाळी कधी ते तुला ठाऊक नाही. म्हणून दिवस मोजत बसायचं नाही. नवराबायको एकत्र असावीत, एक दिवसाआड जवळ यावं, झालं. असं वर्षभर करून काही झालं नाही, तर दोघांनी तपासायला यायचं. दोघांनी. आणि तीन महिने पाळीच आली नाही तर त्याआधीच ये."

सुगंधा मान खाली घालून ऐकत होती. मला एकदम जाणवलं की तिच्या तीन पानांत एक गोष्ट राहून गेली होती.

"तुझा नवरा कुठे आहे?"

"मुंबईस."

"मे महिन्यापासून घरी किती वेळा आला?"

"गणपतीला. सहा दिवस."

मी कागदावर बोट ठेवलं. अठ्ठावीस ऑगस्ट, ऋषिपंचमी. नर्मदाने तोंडावर पदर धरला.

"म्हणजे आठ महिन्यांत नवरा सहा दिवस घरात, आणि त्यातले पाच तू पडवीत," मी म्हटलं. "आणि तू मला विचारतेस, आशा किती! अगं बाई, पत्रात गोळ्यांचं सगळं लिहिलंस, पाळीचं लिहिलंस, पोस्टमनचंसुद्धा लिहिलंस. नवऱ्याचं एक अक्षर नाही. पोस्टाने मूल पाठवायची सोय सरकारने अजून केलेली नाही."

सुगंधाला हसू आणि रडू एकदमच आलं. यमुनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या टेबलापाशी आल्या आणि कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझं बोट कुठे थांबलंय ते दिसत होतं.

"माझो घोव गलबतार," त्या म्हणाल्या. "पावसात गलबत वर काढीत, तेव्हाच तो घराक. माझी सगळी पोरां फाल्गुन-चैतातली. आमच्या वाडयेतली सगळीच. माका ह्या कळाक नको होता?" मग सुनेकडे वळल्या. "रोज तुका विचारलंय, काय गो, काय आसा? आणि तुका हय धरून ठेवलेली मीच."

"आई, गोळ्यांचं मी..." सुगंधा म्हणाली.

"गप ऱ्हव. मी सात बाळातपणां केलंय, चार पोरां मातयेत ठेवलंय. माझ्या वेळाक असती अशी गोळी, तर मी पयली घेतलंय असतंय." त्यांचा आवाज जरा चिरकला, आणि लगेच चढला. "पण सांगूचा तरी! शेजारणीक सांगलंय नसतंय मी."

हे खोटं होतं, देवबागेतल्या शेजारणी मला ठाऊक होत्या. पण सुगंधाने ते खरं मानलं आणि सासूच्या दंडाला धरलं.

"पाय?" मी यमुनाबाईंना विचारलं. "सून गेल्यावर कसं होणार?"

"कसलो पाय?" त्या म्हणाल्या आणि सरळ चालत बाहेर गेल्या. पुढच्या बोटीनेच त्यांनी सुनेला मुंबईला धाडलं. सोबत कोकमं, सुकटीचं गाठोडं आणि 'झिलाक सांग, रात्रपाळी नको' असा मुलासाठी निरोप होता, म्हणे. निरोप सगळ्या धक्क्याने ऐकला.

नंतर मी ते विसरले. पावसाळा आला, दवाखान्यात ताप आणि खोकला भरला. दसऱ्याच्या सुमारास देवबागहून एक कार्ड आलं. साधं कार्ड, वाटेत सगळ्यांनी वाचून झालेलं. अक्षर पोस्टमनचं, बोली यमुनाबाईंची.

"डॉक्टरीणबाईक नमस्कार. सुगंधाक तिसरो म्हयनो लागलो. तुमचो हिशोब बरोबर. बाळातपणाक ती हय येतली, तुमच्याच हाताक. तोपर्यंत एक काम करा. पावसात मी विहिरीर घसरलंय आणि आता उजवो पाय खरोच दुखता. ह्या तिका कळवू नका. कळला तर ती उद्याच्या उद्या धावान येतली."