उत्पादक : अवधेश कटियार

अवधेश कटियार बेपत्ता झाला, त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात त्याच्या नावाने तीन नवी अत्तरे ऑनलाइन विक्रीला आली. प्रत्येकाच्या तपशिलात उत्पादक म्हणून त्याचे नाव होते, कन्नौजमधल्या घराचा पिनकोडसह पूर्ण पत्ता होता, मूळ देश भारत, निव्वळ प्रमाण दहा मिलिलिटर, आणि ग्राहकांच्या तक्रारींसाठी त्याचाच फोन नंबर.

तो फोन त्याच्या आईने चालू ठेवला होता. कुसुमादेवी तो पदराच्या गाठीत बांधून माझ्या कार्यालयात आल्या. मी वैधमापन निरीक्षक. शिक्षण पदार्थविज्ञानाचे, काम तराजू, मापे आणि बंद पाकिटांवरचा मजकूर तपासण्याचे. सोबत त्यांची मुलगी निर्मला होती. ती आईला कायमची कानपूरला न्यायला आली होती आणि आई घराला कुलूप लावायला तयार नव्हती.

"लोकांचे फोन येतात, भैया," कुसुमादेवी म्हणाल्या. "कुणाची बाटली गळकी निघाली, कुणाचा वास दुपारपर्यंतही टिकला नाही. मी सांगते, तो आला की बदलून देईल."

"अम्मा, जुना माल असेल तो," निर्मला म्हणाली. "किती वेळा सांगू?"

"जुना? या तिघांत एक ऊदाचं अत्तर आहे, ते त्याने कधी केलं होतं का गं? गुलाब आणि खस, दोनच करायचा. बाहेर कुठेतरी नवीन शिकलाय." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या दारावरच पाटी आहे, भैया. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता खरा हवा, नाहीतर दंड. वाचता येतं मला. आता तुम्हीच सांगा, तुमची पाटी खोटी का माझा मुलगा?"

अवधेशची स्कूटर मेहंदी घाटावर सापडली होती. तो बेपत्ता झाला त्या आठवड्यात गंगेला पूर होता. देह मिळाला नाही. माझे अनुमान मी तिथेच सांगू शकलो असतो. पण अनुमान म्हणजे पुरावा नव्हे, आणि त्यांचा युक्तिवाद तर्काच्या दृष्टीने निर्दोष होता. फक्त त्याचे गृहीतक तपासायचे राहिले होते.

मी म्हणालो, "नाव लिहिलेलं असणं आणि माणूस असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊदाची बाटली मागवतो. ऑनलाइन तपशिलात बनवल्याचा महिना दाखवणं बंधनकारक नाही, बाटलीवर मात्र छापावाच लागतो."

"मग माझ्यासमोर उघडा. आधी महिना वाचा." मी हो म्हणालो.

निर्मला हसली. त्या हसण्यात आनंद नव्हता. "घ्या! आता पार्सल येईपर्यंत आमची कानपूरची गाडी पुन्हा हुकली."

पार्सल आले त्या दिवशी कुसुमादेवी इस्त्रीची साडी नेसून आल्या. येताना माझ्यासाठी डब्यात तिळाची गजक आणली होती. अधिकाऱ्याने घेऊ नये, असे मी म्हणालो. "अधिकाऱ्याला कोण देतंय? माझ्या मुलाला शोधणाऱ्याला देतेय," त्या म्हणाल्या. बाहेर धुके होते. मी डबा ठेवून घेतला.

शब्द दिला होता, म्हणून आधी महिना वाचला. तो याच हिवाळ्यातला होता.

त्या उठून उभ्या राहिल्या. निर्मलाचा हात धरून म्हणाल्या, "ऐकलंस? याच हिवाळ्यात. म्हणजे आहे. अगं, आहे तो!"

निर्मलाचा चेहरा मी पाहिला. एक क्षण तिनेही विश्वास ठेवला होता.

"बसा, अम्मा," मी म्हणालो. "अजून वाचायचं आहे."

लेबलवर अवधेशचे नाव नव्हते. आयातदार म्हणून दिल्लीतल्या कुण्या संस्थेचे नाव आणि पत्ता होता. मूळ देश संयुक्त अरब अमिराती. निव्वळ प्रमाण आठ मिलिलिटर. मी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली आणि शेजारी मोबाइलवर ऑनलाइन तपशील उघडून दाखवला. नाव वेगळे, देश वेगळा, माप वेगळे. एखाद्या गोष्टीत चूक झाली असती, तर ती चूक म्हणता आली असती. तिन्ही चुकल्या होत्या, आणि ऑनलाइन लिहिलेल्या तिन्ही गोष्टी कुसुमादेवींनी सोबत आणलेल्या, अवधेशच्या जुन्या गुलाबाच्या बाटलीशी तंतोतंत जुळत होत्या.

कुसुमादेवींनी बाटली हातात घेतली. झाकण उघडून वास घेतला आणि झाकण परत लावले.

"हे त्याचं नाही," त्या म्हणाल्या. "पण त्याचं नाव कुणीतरी लिहिलं ना? आपोआप तर उगवलं नसेल. ज्याने लिहिलं त्याला कुणी सांगितलं, तेवढं विचारा. कदाचित त्यानेच सांगितलं असेल, माझं नाव टाक म्हणून."

"अम्मा, बस कर," निर्मला म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात धार नव्हती.

प्रश्न रास्त होता. विक्रेता लखनौचा निघाला. नोटीस मिळताच त्याने सांगितले की माल दिल्लीहून येतो आणि ऑनलाइन नोंदणी मजुरीवर कन्नौजचा मोहित दीक्षित करतो. मोहितचे दुकान बसस्थानकासमोर. अत्तरवाल्यांच्या निम्म्या गल्लीची नोंदणी तोच करतो.

"साहेब, उत्पादक, देश, माप हे रकाने रिकामे सोडले ना, की फाइल वर चढतच नाही," तो म्हणाला. "लाल होऊन परत येते."

"भरलेलं खरं आहे की खोटं, कोण बघतं?"

"कोण बघणार? रकाना भरलेला दिसला की झालं. लखनौवाल्याला विचारलं होतं मी. म्हणाला, काहीही टाक, लग्नाचा सीझन चाललाय."

"म्हणून मेलेल्या माणसाचं नाव टाकलंस?"

"मेलेला कुठे, साहेब, बेपत्ता..." तो थांबला. मग खाली बघून म्हणाला, "अवधेशभैयाची फाइल मी केलेली पहिली फाइल होती. एका फटक्यात मंजूर झाली. तेव्हापासून नवीन काम आलं की एक्सेलमध्ये तीच ओळ खाली ओढतो. अत्तराचं नाव, फोटो, भाव बदलतो. बाकीचं बदलायचं राहतं कधीकधी."

"अवधेश तुला भेटले होते? फोन वगैरे?"

"भैया? नाही हो. गेल्यापासून काहीच नाही. तो नंबर कधीच बंद झाला असेल असं वाटलं. परवाच चौकात अम्मांच्या पाया पडलो मी. त्या काहीच बोलल्या नाहीत."

ते नाव यानेच टाकले हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून बोलल्या नव्हत्या.

कायद्याने जे करायचे ते केले: विक्रेत्यावर प्रकरण दाखल झाले, आणि तिन्ही अत्तरे बाजारातून उतरवली गेली. ती उतरण्याआधी मी कुसुमादेवींच्या घरी गेलो. निर्मला ट्रंक बांधत होती. फोन देवापाशी चार्जिंगला लावलेला होता.

"त्याने सांगितलं नव्हतं?" त्यांनी विचारले.

"नाही, अम्मा."

"नाव पुसणार?"

"पुसावंच लागेल. दुसऱ्याच्या मालावर आहे ते."

"मग आता कुणी फोन करणार नाही."

निर्मला ट्रंक तशीच सोडून आईशेजारी जमिनीवर येऊन बसली. कुसुमादेवींनी विचारले, "मग ते आलं कसं, तेवढं नीट सांगा. मला समजेल असं." मी सांगितले, आणि कार्यालयीन अहवालातही त्याच शब्दांत लिहिले.

अवधेश कटियार याने ही अत्तरे बनवली नाहीत, आणि स्वतःचे नाव वापरण्यास कुणाला सांगितलेही नाही. उत्पादकाचे नाव व पत्ता, मूळ देश आणि निव्वळ प्रमाण हे रकाने भरणे सक्तीचे होते. ते खरे भरले आहेत का, हे नोंदणीच्या वेळी कुणी तपासत नव्हते. नोंदणी करणाऱ्याने आयात मालासाठी अवधेशच्या पूर्वी मंजूर झालेल्या ओळीची नक्कल केली, आणि अत्तराचे नाव, छायाचित्र व किंमत बदलून बाकी सर्व तसेच ठेवले.