दोन महिन्यांच्या बाळाजवळ एकटी नाही

हेदरचं माझ्यावर प्रेम होतं, पण ते आठवड्याच्या पंचेचाळीस तासांत मावत नसे. "निदिया, तू तर घरचीच," असं म्हणत तिने एकदा मला गाडी धुवायला स्पंज दिला. मी हसून तो तिच्या नवऱ्याच्या हातात ठेवला. पेन्सिल्व्हेनियाला मी एका संस्थेमार्फत वर्षभर हेदरच्या घरी राहून तिची मुलं सांभाळायला आले होते. आठवड्याला एकशे पंचाण्णव डॉलर पंचाहत्तर सेंट, खोली, जेवण. आठवड्याला पंचेचाळीस आणि दिवसाला दहा तासांच्या वर काम नाही, मुलांखेरीज घरचं दुसरं काम नाही आणि बाहेर दुसरीकडे कमवायचं नाही. हे सगळं मी कोलंबियातून निघतानाच तोंडपाठ केलं होतं.

मग हेदरला ओवेन झाला. तो दोन महिन्यांचा असतानाच हेदरला कामावरून बोलावणं आलं.

"सोमवारपासून तू आणि ओवेन," ती म्हणाली.

"संस्थेचा नियम आहे, तीन महिन्यांखालच्या बाळाजवळ मी एकटी राहू शकत नाही. घरात कुणीतरी मोठं माणूस हवं."

"अगं, तू तर चार भावंडं वाढवलीस!"

"वाढवली. पण शेजारच्या खोलीत आजी असायची."

हेदरचा चेहरा लाल झाला. "मग दुसरं घर शोध. दोन आठवड्यांत नाही मिळालं तर परतीचं विमान."

वर्ष अर्धवट टाकून गेले असते तर माझ्या पेरेय्रा शहरातल्या शाळेने कबूल केलेली इंग्रजी शिकवायची नोकरी हातची गेली असती. ती मला हवी होती, फार हवी होती. फोनवर आई म्हणाली, "पोरी, गुमान ऐक ना. एका महिन्याने काय आभाळ कोसळतंय?"

"आई, त्या महिन्यात बाळाला काही झालं तर?"

आईने अरेपा, म्हणजे आमच्या मक्याच्या भाकऱ्या, थापता थापता सुस्कारा टाकला. "बापावर गेलीयस."

आमच्या संस्थेची इथली बाई ग्रेचेन. नियम माझ्या बाजूने आहे, हे तिने हेदरला तोंडावर सांगितलं आणि मला आपल्या घरी नेलं. दिवस जात होते, पण कुटुंबांचे फोन येईनात.

दुसऱ्या आठवड्यात रोझलिन नावाच्या एका आईने व्हिडिओवर मुलाखत घेतली. सुरुवातीलाच म्हणाली, "मी हेदरशी बोलले."

संपलं सगळं, मला वाटलं.

"ती म्हणाली, पोरगी महाहट्टी आहे. चुचकारलं, दटावलं, घालवून देईन म्हटलं, तरी बाळाजवळ एकटी राहायला तयार झाली नाही."

"खरं आहे," मी म्हणाले. "पुन्हाही राहणार नाही."

रोझलिनने मान डोलावली. "मी नर्स आहे. माझ्या मागे घरात काय चालतं ते मला दिसत नाही. मला अशीच हवी. कधी येतेस?"

"तुझं धाकटं केवढं आहे?"

"चार वर्षांचं."

"मग शुक्रवारी येते."