आम्ही म्हणजे कोण?

गोदामातली सुपरवायझरची जागा मिळाली, तर धाकटीला पक्का पगार मिळणार होता आणि बाबांच्या लाँड्रीतून सुटका. गमावण्यासारखं काही नाही, असा तिचा हिशेब होता.

"कधी नेतृत्व केलंय?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"पद कधीच नव्हतं. पण बाबांचा पाय मोडला तेव्हा दोन महिने आम्ही लाँड्री सांभाळली."

"आम्ही म्हणजे कोण? तुम्ही स्वतः काय केलंत?"

बाबांनी खाटेवरून दुकान चालवलं, असंच घरीदारी सांगितलं जायचं. तरी धाकटी सपाट आवाजात बोलू लागली. "कपड्यांची अदलाबदल व्हायची. दोघे इस्त्रीवाले एकमेकांवर ढकलायचे. मी दोघांना समोरासमोर बसवलं. कपडे घेतानाच चिठ्ठी टाचायची, असं ठरवलं आणि पहिला आठवडा मीच टाचली. आठवड्याच्या दहा-बारा तक्रारी एक-दोनवर आल्या."

बाईंनी अर्जातल्या दुकानाच्या नंबरवर तिथेच फोन लावला, स्पीकरवर. "तुमचा पाय मोडला होता, तेव्हा दुकान कोण चालवत होतं?"

पलीकडून बाबांचा आवाज आला. "मी नुसता पडून होतो हो. सगळं पोरीनं केलं."

फोनमध्येच, बाबांच्या मागून एक गिऱ्हाईक हसलं. "काय शेठ! आम्हाला तर भलतंच सांगत होतात!"

नोकरी मिळाली. आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं, पण आत काहीच हललं नाही. उत्तर तिनं दिलं, जागाही तिलाच मिळाली. किंमत बाबांनी मोजली, भर दुकानात.