एण्डे पोन्ने

बाळ जन्मतःच गेलं, तेव्हापासून लतिका त्रिशूरला आईच्या घरी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तिचा नवरा विलास मूळचा विट्याचा. शहरात त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं. तो तिला लाडानं ‘माझ्या सोन्या’ म्हणायचा, तेही तिच्या मल्याळममध्ये, ‘एन्दे पोन्ने’. पण त्यातल्या ‘न्दे’चा आवाज धड द नाही आणि डही नाही; जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकवावी लागते. विलासची जीभ थेट टाळूला जायची, ‘एण्डे’ व्हायचं आणि लतिका खळखळून हसायची.

त्या संध्याकाळी तो उशाशी बसला आणि म्हणाला, “एन्दे पोन्ने.” अगदी बिनचूक.

लतिकाला काहीच वाटलं नाही. शेजारच्या घरातलं कुणी बोलावं तसं ते कानावरून गेलं.

“कुणी शिकवलं?” तिनं विचारलं.

“अम्मांनी. कधीचा घोकतोय. म्हटलं, तुला बरं वाटेल.”

“नीट नका म्हणू. तुमचं तुम्ही म्हणा.”

“एण्डे पोन्ने,” तो अवघडून म्हणाला.

तिला हसू आलं नाही, रडूही नाही. पण तिनं कूस बदलली आणि अम्मानं ठेवलेली पेज त्याच्या हातून थोडी प्यायली.