सी नावाचा माणूस

खंडेराव आप्पांचं पंपांचं आणि पाइपांचं दुकान दिंडोरी रोडला होतं. १९९६ साली मी तिथे हिशेबनीस होतो, पगार नऊशे. आप्पांनी मला दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, "चंदर, मार्चअखेर वही जुळली तर तू कायमचा, वर तीनशे वाढ. नाय जुळली तर हरसूलची एस.टी. धर."

तीनशे म्हणजे माझ्यासाठी पंचवटीतल्या भागुबाईंची खोली. धाकटी बहीण सायली दहावीला बसली होती आणि तिला पुढे नाशकात शिकवायचं मी कबूल करून बसलो होतो. खोलीचं भाडं बरोबर तीनशे. त्यामुळे त्या मार्चमध्ये मी रोकडवही जशी लिहिली तशी कॉलेजात मार्कांसाठीसुद्धा लिहिली नव्हती.

वही तीन रकान्यांची. डावीकडे आलेलं, उजवीकडे गेलेलं, आणि दोन्ही बाजूंना कसर, रोख, बँक असे तीन-तीन रकाने. गिऱ्हाइकाला पैशात सूट दिली की डावीकडच्या कसरीत, कारखानदाराने आपल्याला सूट दिली की उजवीकडच्या. एकतीस तारखेला दुपारी मी पेन्सिलीने बेरजा मारल्या. रोख डावीकडे ६१,४००, उजवीकडे ५७,२५०, शिल्लक ४,१५०. गल्ला मोजला, नेमके ४,१५०! बँकेची शिल्लक ११,४००, पासबुकाशी तंतोतंत. मला नाचावंसं वाटलं. पण आप्पा चष्मा पुसत होते, आणि ते चष्मा पुसायला लागले की वहीत काहीतरी सापडतंच.

"ही कसर," त्यांनी बोट ठेवलं. "डावीकडं अकराशे ऐंशी, उजवीकडं सहाशे चाळीस. पाचशे चाळीसची कसर राहिली की रे!"

"आप्पा, कसरीच्या रकान्यांची शिल्लक काढत नाहीत. नुसती बेरीज करून खतावणीतल्या खात्यांवर न्यायची. दिलेली वेगळी, मिळालेली वेगळी."

"दोन रकाने जुळतात आणि तिसरा जुळत नाय. तीन पोरांतला एक नापास झाला तर घरी पेढे वाटतोस का?"

बोट पुढे सरकलं आणि थांबलं.

"हा सी कोण?"

आप्पांना इंग्रजी अक्षरं पाइपांवरच्या छापातून आली होती, त्यामुळे सी त्यांना पक्का ठाऊक. गल्ल्यातली रोकड बँकेत भरली किंवा बँकेतून गल्ल्यासाठी काढली, की ती नोंद दोन्ही बाजूंना येते आणि तिच्यापुढे सी लिहितात. काँट्राचा सी.

"वीस हजार गेले, सी. पंधरा हजार गेले, सी. तीन हजार काढले, सी. दोन हजार, पुन्हा सी. आणि ह्या सीचं खतावणीत खातंच नाय! आपल्या हमालाचं खातं हाय, ह्याचं का नाय?"

"कारण ती नोंद खतावणीत जातच नाही. दोन्ही बाजू इथेच पुऱ्या होतात."

"म्हणजे माणूस चाळीस हजार हलवतो आणि त्याचा कागद नाय." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "चंदर इंग्रजीत कशानं लिहितात?"

सीनेच लिहितात. मी घाईघाईने सगळे सी दोन्ही बाजूंनी वेगळे मांडून दाखवले. डावीकडे बँकेत पस्तीस हजार, रोखीत पाच हजार. उजवीकडे रोखीतून पस्तीस, बँकेतून पाच. चाळीसला चाळीस.

आप्पांनी दोनदा बेरीज केली. मग त्यांचा चेहरा असा मऊ झाला, की मला त्यांची आणखी भीती वाटली.

"नेलं तेवढं आणून ठेवलं," ते म्हणाले. "एक पैसा कसर मागितली नाय. पगार नाय, उचल नाय. एवढ्या वहीत इमानदार माणूस हा एकच. त्याला उद्या बोलव. तुझ्या जागी ठेवतो."

मला एका अक्षराने नोकरीवरून काढलं होतं. डोळ्यासमोर सायली आली, ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरलेली, आणि मी वाट्टेल ते बोलून गेलो.

"आप्पा, तो सी म्हणजे मीच. चंदर."

आप्पा उठले. त्यांनी मला चक्क मिठी मारली. चहा मागवला, तोही मलईचा. पहिला घोट घेतला आणि वहीवर वाकले.

"मग ह्या तुझ्या पगाराच्या नऊशेपुढं सी का नाय?"

त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेऊन उजवीकडे नऊशेपुढे सी काढला. मग डावीकडे, बँकेच्या रकान्यात, नऊशे लिहून तिथेही सी काढला. अक्षर सुरेख आलं होतं. माझा महिन्याचा पगार त्यांच्या बँकेत भरला गेला होता, आणि नोंद म्हणाल तर तिच्यात खोट नव्हती.

"आता जुळलं," आप्पा म्हणाले. "दरमहा असंच लिही. वाढीचे तीनशेपण दोन्हीकडं."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी उठलो, पगाराचे नऊशे खिशातून काढले आणि टेबलावर ठेवले.

"आप्पा, गल्ला कुणाचा?"

"माझा."

"बँकेतलं खातं?"

"माझंच की."

"म्हणजे सी म्हणजे तुम्ही! तुमच्या एका खिशातून काढून तुमच्याच दुसऱ्या खिशात टाकलं की सी. इमानदारी कसली, माल तुमचा, खिसे तुमचे!" मी नोटा उचलून माझ्या शर्टाच्या खिशात कोंबल्या. "आणि हा खिसा माझा आहे. इथे सी लागत नाही. आणि लावलात तर पासबुकात नऊशे दिसणार नाहीत, बँक तुमचा सी ऐकणार नाही."

माझा आवाज चढला होता. हमाल दारात येऊन उभा राहिला. आप्पांनी आधी स्वतःच्या सदऱ्याचे दोन्ही खिसे चाचपले, मग माझ्या खिशाकडे पाहिलं. रबर घेतला आणि दोन्ही सी खोडले, डावीकडच्या नऊशेसकट.

"हे कळलं," ते म्हणाले. "पण कसर राहिलीच."

मग त्यांनी गल्ल्यातून वाढीचे पैसे मोजले. दोनशे पंच्याऐंशी.

"पंधरा तू मला सूट दिलीस. लिही, उजवीकडं, कसर मिळाली."

मी लिहिलं. रोख २८५, कसर १५. गल्ल्याची शिल्लक ३,८६५ झाली, ती शाईने उजवीकडे लिहून दोन्ही बाजू सारख्या केल्या. उजवीकडची कसर सहाशे पंचावन्न.

"पाचशे पंचवीस उरली," आप्पा खुशीत म्हणाले. "महिना पंधरा धर. पस्तीस महिने. तोवर तुला कुठं जायला मिळायचं नाय, सांगून ठेवतो."

एप्रिलला दोन्ही कसरी पुन्हा शून्यापासून सुरू होतात, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी जीभ चावली आणि वही मिटली.

संध्याकाळी भागुबाईंना दोनशे पंच्याऐंशी दिले आणि पंधरा माझ्या नऊशेतले घातले. त्यांनी विचारलं, "नोकरी पक्की का रे?"

"पस्तीस महिने पक्की," मी म्हणालो, आणि सायलीला पत्र टाकायला पोस्टात गेलो.