पहिलं वाक्य

अंबडच्या एका दवाखान्याच्या वेबसाइटसाठी मी प्रश्नोत्तरं लिहिते. लोक फोनला तोंडी विचारतात, तसाच प्रश्न लिहिला होता: ‘फवारणीचं औषध अंगावर सांडलं, काय करू?’ उत्तराच्या सुरुवातीला मात्र दवाखान्याचं कौतुक घातलं. फोन वेबसाइटवरच्या उत्तराची पहिली दोन-तीन वाक्यंच वाचून दाखवतो, हे मला ठाऊक होतं.

शेजारच्या बद्रीनाथकाकांच्या पाठीवर पंप गळला, तेव्हा द्वारकाकाकूंनी फोनला विचारलं. त्यानं कौतुक ऐकवलं. काका ओल्या सदऱ्यानंच फवारत राहिले. संध्याकाळी दगावले.

मी उत्तर बदललं. महिन्याभरानं काकूंकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी फोनला तोच प्रश्न विचारला.

“कपडे लगेच काढा. अंग साबणानं धुवा. दवाखान्यात जा.”

“आता बराबर सांगून राह्यला,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी फोनला पुन्हा तेच विचारलं.